‘मुळे’ आणि ‘सगळ्यांचे’: लघुप्रबंधाच्या निष्कर्षात आंतरिक आणि बाह्य सप्रमाणता कशी तपासायची

बडोद्यात एम.एड. करत असताना माझ्या लघुप्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात हे वाक्य होतं: “स्तरानुसार घेतलेल्या वाचनवर्गामुळे प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांचे वाचन सुधारते.” व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि दोन ठिकाणी पेन्सिलीनं रेघ मारली. एक ‘मुळे’खाली, दुसरी ‘प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांचे’खाली. पहिल्या रेघेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “हे कशावरून?” दुसरीवर ठेवून विचारलं, “आणि हे कुणाकुणाबद्दल?”

माझ्याकडे होती एका शाळेतली, वाचनात सर्वांत मागे असलेली तीस मुलं. तीन महिने त्यांना शिकवलं होतं, आधी एक चाचणी घेतली होती, नंतर एक. सरासरी वाढली होती, आणि तेवढ्यावर ते वाक्य उभं होतं. बाईंनी पदवी अडवली नाही, पण ते दोन्ही प्रश्न माझ्या डोक्यातून गेले नाहीत. पुढची काही वर्षं मी मैत्रिणींचे आणि धाकट्या विद्यार्थ्यांचे आराखडे वाचत आले, आणि तेच वाक्य जवळजवळ तसंच पुन्हा पुन्हा भेटलं. म्हणून हे लिहिते आहे. जे सिनॉप्सिस लिहायला बसले आहेत त्यांच्यासाठी, कारण प्रबंध बांधून झाल्यावर यातलं फार थोडं दुरुस्त करता येतं.

शब्दांचा गोंधळ आधी मिटवते. महाराष्ट्रातल्या पुस्तकांत ‘सप्रमाणता’ मिळेल, काही ठिकाणी ‘वैधता’, आणि इथे बडोद्यात, आपल्या विभागात गुजरातीतून शिकलात तर ‘यथार्थता’. तिन्ही एकच. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली तिचे दोन भाग वेगळे मांडले. आंतरिक सप्रमाणता म्हणजे माझ्या अभ्यासात दिसलेला बदल माझ्या उपक्रमामुळेच झाला असं म्हणण्याचा आधार. बाह्य सप्रमाणता म्हणजे तो परिणाम दुसऱ्या मुलांत, दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या वर्षीही दिसेल असं म्हणण्याचा आधार. बाईंच्या दोन रेघा याच दोन गोष्टींवर होत्या.

हाताशी काय ठेवायचं

- शाळेच्या आणि शिक्षण समितीच्या परवानगीची पत्रं, पालकांची संमतीपत्रं
- वर्गाच्या हजेरीपटाची प्रत: नाव, वय, मागच्या तीन महिन्यांची हजेरी
- पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचे दोन वेगळे पण समान काठिण्याचे संच
- गट पाडताना टाकलेल्या चिठ्ठ्यांची नोंद, तारीख आणि साक्षीदाराची सही
- गळतीची वही (ही काय ते पुढे सांगते)
- मूल कोणत्या गटातलं हे ज्याला माहीत नाही असा एक मूल्यमापक

शेवटचा माणूस मिळवणं सर्वांत अवघड जातं. तोंडी वाचनाला गुण देताना आपण शिकवलेल्या मुलाकडे आपला हात नकळत सैल सुटतो. माझाही सुटला असणारच, कारण दोन्ही चाचण्या मीच तपासल्या होत्या.

१. निष्कर्षाचं वाक्य पहिल्याच आठवड्यात लिहा

आकडे हाती यायच्या आधी. उपक्रम यशस्वी झाला असं धरून, शेवटी जे म्हणावंसं वाटतं ते वाक्य पूर्ण लिहून काढा. मग त्यात दोन रंगांच्या पेन्सिली चालवा. ‘मुळे’, ‘परिणामी’, ‘सुधारते’, ‘वाढवते’ हे सगळे कारणाचे शब्द, ते एका रंगात. ‘विद्यार्थी’, ‘शाळा’, ‘गुजरात’, ‘ग्रामीण भाग’, ‘वाचन’ हे व्याप्तीचे शब्द, ते दुसऱ्यात. क्रियापदाचा काळही व्याप्तीतच धरा. ‘सुधारते’ म्हणजे नेहमी सुधारते. ‘सुधारले’ म्हणजे त्या वेळी, त्या मुलांत सुधारले. एका अक्षरानं दावा केवढा तरी फुगतो.

पहिल्या रंगातल्या प्रत्येक शब्दाला आराखड्यातली एखादी गोष्ट आधार देते का बघा: तुलनेचा गट, चिठ्ठ्या, वेगळा मूल्यमापक. दुसऱ्या रंगातल्या शब्दांना आधार लागतो तो नमुना कुठून आला याचा. ज्याला आधार नाही तो शब्द गळतो, नाहीतर आराखडा बदलतो. पहिल्या आठवड्यात दोन्ही करता येतं.

२. ‘मुळे’ला टक्कर देणारी कारणं आधी तुम्ही शोधा

परीक्षक विचारायच्या आधी. माझ्या अभ्यासात वर्गाव्यतिरिक्त काय काय घडलं असेल याची यादी केली तर ती लांब होते. मुलं तीन महिन्यांनी मोठी झाली. शाळेचे शिक्षक नेहमीचं शिकवत होतेच. तोच प्रश्नसंच दुसऱ्यांदा आला म्हणून ओळखीचा वाटला. ही कारणं बहुतेकांना सुचतात. एक कारण मात्र सहसा सुचत नाही, आणि तेच सर्वांत मोठं असू शकतं. म्हणून त्यावर जरा थांबू.

आपण ‘सर्वांत मागे असलेली’ मुलं निवडतो. कोणाला मागे म्हणायचं ते पूर्वचाचणीचे गुण ठरवतात. पण एका दिवसाच्या गुणांत मुलाची खरी तयारी असते, तसा त्या दिवसाचा योगायोगही असतो. कुणाला ताप होता, कुणी सकाळी न खाता आलं होतं, कुणाला नेमका न येणारा उतारा आला. तळाच्या तीस मुलांत असा वाईट दिवस गेलेली मुलं नेहमीपेक्षा जास्त सापडतात, कारण त्या वाईट दिवसामुळेच ती तळाला आली. पुन्हा चाचणी घेतली की तो वाईट दिवस सगळ्यांच्या वाट्याला पुन्हा येत नाही. काहीही न शिकवता त्यांची सरासरी वर सरकते. याला मध्याकडे परतणं म्हणतात.

किती सरकते ते मोजता येतं. समजा वीस गुणांची चाचणी आहे. पूर्ण इयत्तेची सरासरी १०, आणि तीच चाचणी पुन्हा घेतल्यावर गुणांचा आपसांतला सहसंबंध ०.७. निवडलेल्या तीस मुलांची सरासरी ५. म्हणजे ती इयत्तेच्या सरासरीपेक्षा ५ गुणांनी खाली आहेत. पुढच्या चाचणीत त्यांच्याकडून अपेक्षा अशी:

१० − (०.७ × ५) = ६.५

दीड गुण फुकट. आता समजा तीन महिन्यांत नेहमीच्या शाळेमुळे आणि वाढत्या वयामुळे आणखी एक गुण वाढतो. तुमच्या मुलांची सरासरी ५ वरून ९ वर गेली, चार गुणांची वाढ झाली, तर त्यातले अडीच गुण तुमच्या वर्गाविनाही आलेच असते. वर्गाच्या वाट्याला उरतो दीड. आणि आधीच्या-नंतरच्या तक्त्यात दिसतात चार, शेजारी ‘सार्थक फरक’ असा शेराही. टी-चाचणी खोटं बोलत नाही. दोन सरासऱ्या वेगळ्या आहेत एवढंच ती सांगते. त्या कशामुळे वेगळ्या झाल्या हे तिला विचारलेलंच नसतं.

हे तुमच्याकडे झालं आहे का, ते ओळखायची एक सोपी खूण आहे. त्याच इयत्तेतल्या वरच्या तीस मुलांचीही दोन्ही वेळा चाचणी घ्या. तळाची मुलं वर आणि वरची मुलं थोडी खाली आली असतील, तर गुण मध्याकडे परतत आहेत.

३. तुलनेचा गट त्याच यादीतून काढा, आणि चिठ्ठ्या टाका

वरचे अडीच गुण हिशेबातून काढायला सूत्राची गरज नाही. तसाच दुसरा गट पाहिजे. पण ‘तसाच’ या शब्दावर खूप काही अवलंबून आहे. इयत्तेतली बाकीची मुलं नियंत्रित गट म्हणून घेतली तर चालत नाही, कारण ती तळाची नाहीत आणि त्यांचे गुण त्या तऱ्हेनं वर सरकणार नाहीत. ज्यांच्या पालकांनी ‘वर्गाला पाठवणार नाही’ असं सांगितलं ती मुलं घेतली तरी चालत नाही, कारण ज्या घरातून पाठवतात आणि ज्या घरातून पाठवत नाहीत त्या घरांत मुळातच फरक असतो.

आधी साठ मुलांची तळाची यादी करा. साठही घरांची संमती घ्या. मग सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाका आणि मुख्याध्यापकांसमोर तीस चिठ्ठ्या काढा. ती तीस मुलं आत्ता वर्गाला येतील, उरलेली तीस पुढच्या सत्रात. दुसऱ्या गटाला पुढच्या सत्राचा शब्द दिला असेल तर तो पाळा. आमच्या एका मैत्रिणीनं पाळला नाही, आणि त्या शाळेनं नंतरच्या कुणाही विद्यार्थ्याला दार उघडलं नाही.

इथे एक घोटाळा इतका सर्रास आहे की तो वेगळा सांगायलाच हवा. ‘यादृच्छिक’ हा शब्द प्रबंधात दोन जागी येतो आणि दोन्ही जागी त्याचं काम वेगळं असतं. शहरातल्या सगळ्या शाळांच्या यादीतून चिठ्ठीनं शाळा निवडणं ही यादृच्छिक निवड. तिच्यामुळे निष्कर्ष त्या सगळ्या शाळांना लावता येतो, म्हणजे ती बाह्य बाजू सांभाळते. हाती आलेल्या मुलांची चिठ्ठीनं दोन गटांत विभागणी करणं हे यादृच्छिक वाटप. ते ‘मुळे’ला आधार देतं, म्हणजे आंतरिक बाजू. मी घराजवळची, दांडिया बाजारातली ओळखीची शाळा घेतली आणि आत चिठ्ठ्या टाकून गट पाडले, तर मला ‘मुळे’ म्हणता येईल पण ‘बडोद्यातल्या शाळांत’ म्हणता येणार नाही. शाळा चिठ्ठीनं निवडली पण गट शिक्षिकेच्या मर्जीनं पाडले, तर उलट.

आणखी एक गोष्ट जुन्या शहरात काम करणाऱ्यांसाठी. दोन्ही गटांतली मुलं एकाच पोळात, म्हणजे एकाच गल्लीत राहतात, संध्याकाळी एकाच ओट्यावर खेळतात. वर्गात दिलेला शब्द लिहिलेला पत्ता दुसऱ्या गटाच्या मुलाच्या हातात दोन दिवसांत पोचतो. मुलांसाठी ते चांगलंच आहे, पण अभ्यासात दोन गटांतला फरक त्यामुळे कमी दिसतो. साहित्य वर्गातच ठेवा, आणि तरीही पत्ते फिरले तर तसं लिहा. खरा परिणाम दिसला त्यापेक्षा मोठा असू शकेल, असं मग आधारानं म्हणता येतं.

४. ‘एक शाळा प्रायोगिक, एक शाळा नियंत्रित’ हा आराखडा टाळा

प्रबंधांच्या कपाटात हा आराखडा सर्वांत जास्त दिसतो, कारण तो सोयीचा असतो. पण मग मुलं साठ असली तरी तुलना दोनच गोष्टींची होते, या शाळेची आणि त्या शाळेची. त्या शाळेत मार्चमध्ये शिक्षिका रजेवर गेल्या, या शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या, एवढ्यानंही तुमचा सगळा फरक निघू शकतो, आणि आकड्यांची कोणतीही कसरत शाळेचा परिणाम वर्गाच्या परिणामापासून वेगळा करू शकत नाही.

यातून सुटायची एक देखणी वाट आपल्याच शहरात आखली गेली. २००१ ते २००३ या दोन शैक्षणिक वर्षांत, शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘बालसखी’ कार्यक्रमाचा अभ्यास बडोदा आणि मुंबईतल्या महानगरपालिकेच्या शाळांत झाला. बालसखी म्हणजे वस्तीतलीच शिकलेली तरुण मुलगी. वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज सुमारे दोन तास बाजूला घेऊन मूळ वाचन आणि गणित शिकवायची. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी तो अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला.

त्यांच्यापुढची अडचण आपल्यासारखीच होती: तुमच्या शाळेला काहीच देणार नाही, फक्त चाचण्या घेणार, असं कोणत्या मुख्याध्यापकांना सांगायचं? बडोद्यात त्यांनी शाळांचे चिठ्ठीनं दोन भाग केले. पहिल्या भागातल्या शाळांना बालसखी मिळाली तिसरीसाठी, दुसऱ्या भागातल्या शाळांना चौथीसाठी. पुढच्या वर्षी उलट. प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं. एका भागाची तिसरी ही दुसऱ्या भागाच्या तिसरीची तुलना झाली, आणि चौथीचंही तसंच.

या मांडणीनं आणखी एक गोष्ट सांभाळली. फेब्रुवारी-मार्च २००२ मध्ये शहरात दंगली झाल्या, संचारबंदी लागली. फक्त आधीची-नंतरची चाचणी घेणाऱ्या अभ्यासाचं त्या वर्षी काय झालं असतं याचा विचार करा. मुलं मागे पडली ती उपक्रम फसल्यामुळे की भीतीमुळे, हे कधीच कळलं नसतं. चिठ्ठीनं पाडलेले दोन भाग एकाच शहरात असले की असा फटका एकाच बाजूला झुकत नाही, आणि दोहोंमधली तुलना टिकते.

तुमच्या हातात शेकडो शाळा नसतील. पण चार शाळा मिळाल्या तरी हीच अदलाबदल करता येते: दोन शाळांत तिसरी, दोन शाळांत चौथी. एकच शाळा असेल तर शाळेच्या आतच, तिसऱ्या पायरीप्रमाणे, चिठ्ठ्या टाका. दोन शाळांच्या तुलनेपेक्षा ते कितीतरी पक्कं आहे.

आकारमानाबद्दलही इथेच सांगते, कारण मला ते फार उशिरा कळलं. बालसखीच्या दुसऱ्या वर्षी, दोन्ही शहरं मिळून, संपूर्ण वर्गाचे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनानं वाढले, आणि ही वाढ मुख्यतः तळाच्या मुलांमुळे होती. आपल्या वीस गुणांच्या चाचणीत प्रमाण विचलन ४ धरलं तर हे साधारण १.१ गुण होतात. एवढा फरक खात्रीनं दिसायला, मुलांचं वाटप एकेकट्यानं केलं तरी प्रत्येक गटात सुमारे २०० मुलं लागतात. पंधरा-पंधराच्या दोन गटांत एक-दोन गुणांचा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. तेव्हा छोट्या अभ्यासात फरक दिसला नाही तर ‘उपक्रमाचा परिणाम होत नाही’ असं लिहू नका. आपल्या चाळणीला तेवढा बारीक दाणा पकडता येत नव्हता, असं लिहा. आणि फरक फारच मोठा दिसला, तर आनंद होण्याआधी दुसऱ्या पायरीवर परत जा.

५. गळतीची वही ठेवा

पूर्वचाचणीला तीस मुलं, उत्तरचाचणीला बावीस, आणि प्रबंधात फक्त बावीसांची सरासरी. हे इतकं नेहमीचं आहे की त्यात कुणाला काही खटकत नाही. पण आठ मुलं कोण होती? वर्ग जमत नाही म्हणून सोडून गेलेली असतील, तर मागे उरली ती जमणारी, आणि सरासरी आपोआप वर गेली.

बडोद्यात गळतीला स्वतःचं कॅलेंडर आहे. उत्तरायणाच्या आसपास आठवडाभर वर्ग ओस पडतात. होळीला दाहोदकडची मजूर कुटुंबं गावी जातात, आणि त्यांची सगळी मुलं परत येतीलच असं नाही. उत्तरचाचणीची तारीख या दोन्हींपासून लांब ठेवा. तरीही गैरहजर राहिलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, गट, पूर्वचाचणीचे गुण आणि कारण वहीत लिहा, आणि घरी जाऊन चाचणी घेता येते का पाहा. मूल वर्गाला चारच दिवस आलं असलं तरी ते ज्या गटात चिठ्ठीनं पडलं त्याच गटात मोजा.

शेवटी दोन्ही गटांतली गळती शेजारी ठेवा. इकडून पाच, तिकडून पाच, आणि दोन्हीकडच्या गळालेल्यांचे पूर्वगुण सारखे, तर फारसं बिघडलेलं नाही. एका गटातून आठ आणि दुसऱ्यातून एक, तर चिठ्ठ्यांनी जे कमावलं होतं ते बरंचसं गेलं. मग ‘मुळे’ काढून ‘वर्गाला अखेरपर्यंत आलेल्या मुलांत वाढ आढळली’ एवढ्यावर यावं लागतं.

६. ‘कुणाला लागू’ हे चार प्रश्नांनी ठरवा

इथपर्यंत सगळं आंतरिक बाजूचं झालं. ते नीट जमलं की एक मोह होतो: आता पक्कं सिद्ध झालं, म्हणजे सगळीकडे लागू. तसं होत नाही. चिठ्ठ्यांनी पक्कं झालं ते त्या साठ मुलांपुरतं. पुढे जाण्यासाठी चार गोष्टी विचारा. मुलं कोण होती? दिलं ते नेमकं काय, आणि कुणी दिलं? मोजलं कशानं? कुठे, कधी आणि किती काळ?

बालसखीलाच हे प्रश्न लावून बघू. मुलं महानगरपालिकेच्या शाळांतली, खालच्या इयत्तांतली. खासगी शाळांबद्दल किंवा आठवीबद्दल त्या अभ्यासातून थेट काही निघत नाही. मोजलं गेलं ते प्राथमिक भाषा आणि गणित. वाचनाची गोडी लागली का, हे नाही. काळाचं उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं: कार्यक्रम संपल्यावर एका वर्षानं वाढ सुमारे ०.१० प्रमाण विचलनावर आली होती. म्हणजे ‘वाढ होते’ आणि ‘वाढ टिकते’ ही दोन वाक्यं आहेत, आणि दोन्हींना वेगळा पुरावा लागतो. तुमची उत्तरचाचणी वर्ग संपल्याच्या आठवड्यातच झाली असेल, तर दुसरं वाक्य तुमच्याकडे नाही.

सर्वांत जास्त शिकवतो तो ‘कुणी दिलं’ हा प्रश्न. २००८ च्या सुमारास ‘प्रथम’नं हीच स्तरानुसार शिकवण्याची पद्धत बिहारमध्ये सरकारी शिक्षकांमार्फत नेली. उन्हाळी शिबिरांत त्याच सरकारी शिक्षकांनी शिकवलं तेव्हा मुलांची प्रगती दिसली. नेहमीच्या शाळेच्या वर्षात मात्र नुसतं साहित्य दिलं, किंवा साहित्य देऊन प्रशिक्षणही दिलं, तर फरक पडला नाही. प्रशिक्षणासोबत स्वयंसेवक आले तिथे पडला. शिक्षक तेच, पुस्तकं तीच. शिबिरात मुलांना त्यांच्या स्तराप्रमाणे शिकवायला मोकळा वेळ होता, शाळेच्या वर्षात अभ्यासक्रम संपवायचा होता.

बडोद्याचा निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही. त्याची हद्द कुठे होती ते कळतं. ‘बालसखी’ या नावाखाली तरुण मुलगी, छोटा गट, वेगळा वेळ आणि खालच्या पायरीपासून सुरुवात अशा चार गोष्टी एकत्र होत्या. मूळ अभ्यासानं या चारही गोष्टींचा मिळून परिणाम दाखवला. त्यातली कोणती बाजूला काढली तर परिणाम जातो, हे दुसऱ्या ठिकाणी करून पाहिल्यावरच उमगलं. तुमच्या उपक्रमातही अशा तीन-चार गोष्टी एकात एक गुंतलेल्या असतील. त्या सुट्या करून लिहा. माझ्या वर्गात त्यातली एक मी स्वतः होते: रोज येणारी, उत्साही, पदवीसाठी धडपडणारी. दुसरी शाळा माझं साहित्य घेईल, मला कुठून घेईल?

ठिकाण बदलून पाहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ साली आधी अमरेली भागात सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. मधली तेरा वर्षं एका भागाचा अनुभव हा एका भागाचाच मानला गेला. आपण तीन महिन्यांच्या वर्गावरून ‘गुजरात राज्यातील शाळांनी ही पद्धत अवलंबावी’ अशी शिफारस लिहितो, तेव्हा ही तेरा वर्षं आठवावीत असं मला वाटतं.

७. परिमर्यादा पहिल्या प्रकरणातून पाचव्यात आणा

आपल्या प्रबंधांत ‘व्याप्ती, मर्यादा आणि परिमर्यादा’ असा मथळा असतोच. मर्यादा म्हणजे जे आपल्या हाताबाहेर होतं, परिमर्यादा म्हणजे जे आपण होऊन आखून घेतलं: एकच शाळा, तिसरीच इयत्ता, मराठी माध्यमच. पहिल्या प्रकरणात हे सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं, आणि पाचव्यात आलो की त्यातलं काही उरत नाही. माझ्या पहिल्या प्रकरणात ‘सदर संशोधन एका शाळेपुरते मर्यादित आहे’ असं होतं आणि पाचव्यात ‘प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांचे’. बाईंनी दोन्ही पानं समोरासमोर उघडून दाखवली होती.

म्हणून शेवटचं काम असं करा. परिमर्यादांची यादी कागदावर उतरवून डाव्या हाताशी ठेवा, निष्कर्षाची वाक्यं उजव्या हाताशी. प्रत्येक परिमर्यादा निष्कर्षाच्या वाक्यात शब्द होऊन आली पाहिजे. मर्यादांचंही तसंच: गळती, पोळात फिरलेले पत्ते, एकच मूल्यमापक, यातल्या प्रत्येकापुढे ‘यामुळे परिणाम जास्त दिसला असेल की कमी’ हे एका वाक्यात लिहा. ‘नमुना लहान होता’ एवढं लिहून दिशा सांगितली नाही, तर वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

शिफारशी निष्कर्षापेक्षा एक पाऊल मागे ठेवा. निष्कर्ष एका शाळेचा असेल तर शिफारस ‘अवलंबावी’ अशी न करता ‘आणखी काही शाळांत, नेहमीच्या शिक्षिकांमार्फत करून पाहावी’ अशी करा. नेहमीच्या शिक्षिकांमार्फत हे शब्द का, ते बिहारच्या उदाहरणात आलंच.

माझं वाक्य आज मी कसं लिहीन, तेही देते. त्या वेळी जो आराखडा होता, तुलनेच्या गटाविना, त्यावर एवढंच लिहिता येतं: “बडोद्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत, पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेल्या तिसरीच्या ३० विद्यार्थ्यांचे वाचनाचे सरासरी गुण तीन महिन्यांच्या वाचनवर्गानंतर वाढलेले आढळले. या वाढीतील काही भाग निवडीच्या पद्धतीमुळे आणि नियमित अध्यापनामुळे आलेला असू शकतो. वर्गाचा वाटा या अभ्यासातून वेगळा काढता येत नाही.” आणि साठ मुलांची यादी करून चिठ्ठ्या टाकल्या असत्या, गळतीची वही ठेवली असती आणि फरक योगायोगाच्या पलीकडचा निघाला असता, तर: “बडोद्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेतील, वाचनात मागे असलेल्या तिसरीच्या विद्यार्थ्यांमध्ये, संशोधिकेने स्वतः घेतलेल्या तीन महिन्यांच्या स्तरानुसार वाचनवर्गामुळे वाचनाचे गुण वर्ग संपताना वाढले.” या दुसऱ्या वाक्यात ‘मुळे’ आहे, आणि ‘प्राथमिक शाळेतील विद्यार्थ्यांचे’ नाही.